शेवटच्या ५ मिलिग्रॅमला इतका वेळ का लागतो?

प्रश्न: फुप्फुसांच्या सारकॉइडोसिससाठी मला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केलं. दीड महिना रोज ४० मिग्रॅ, मग कमी करत चार महिन्यांत ५ वर आणलं. स्कॅन चांगला आला, खोकला गेला, म्हणून मी स्वतःच गोळी बंद केली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंगातलं त्राणच गेलं, मळमळ, उभं राहिलं की अंधारी. पाचव्या दिवशी घाबरून गोळी घेतली आणि दुपारपर्यंत माणसात आलो. डॉक्टर म्हणतात, शेवटचे ५ मिग्रॅ काढायला अजून पाच-सहा महिने लागतील. ४० वरून ५ वर चार महिन्यांत आलो, मग उरलेल्या एवढ्याशा डोसला इतका वेळ का? मला या गोळीचं व्यसन लागलंय का?

उत्तर:

गोळी पुन्हा सुरू केलीत हे बरं केलंत. आधी तेवढं चालू ठेवा, हिशेब नंतर बघू. हार्मोनच्या आजारांवर उपचार करताना मला वीस-बावीस वर्षं झाली, आणि इतर विभागांतून माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांत असे ‘पाचावर अडकलेले’ बरेच असतात. बहुतेकांची समजूत तुमच्यासारखीच असते: ४० मोठा, ५ लहान, म्हणजे अवघड भाग संपला. खरं तर ५ च्या वरचा उतार आणि ५ च्या खालचा उतार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरचा उतार तुमच्या फुप्फुसांकडे बघून ठरतो. खालचा उतार मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या दोन छोट्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींकडे बघून ठरतो. त्यांना तुमच्या स्कॅनशी काही देणंघेणं नसतं.

५ हाच आकडा का, ते आधी सांगतो. अ‍ॅड्रिनल ग्रंथी रोज कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन तयार करतात. निरोगी प्रौढ माणसाच्या रोजच्या कॉर्टिसॉलचं काम प्रेडनिसोलोनच्या साधारण ४ ते ६ मिग्रॅमध्ये भागतं. म्हणजे ४० मिग्रॅ घेत होतात तेव्हा शरीराच्या गरजेच्या जवळजवळ आठपट स्टेरॉइड रोज आत जात होतं. ते औषध म्हणून होतं. ५ वर आलात तेव्हा गोळीतलं ‘औषध’ जवळपास संपलं आणि उरली ती फक्त शरीराची रोजची गरज, जी सध्या ग्रंथींऐवजी गोळी भागवते आहे. ४० वरून ३० वर येताना जास्तीचा साठा कमी होतो. ५ वरून शून्यावर जाताना मूळ पुरवठाच तुटतो.

आता ही गोळी आत जाऊन करते काय? सारकॉइडोसिसमध्ये रोगप्रतिकारक पेशी फुप्फुसात गाठी करून बसतात आणि एकमेकींना सतत रासायनिक निरोप धाडत राहतात. स्टेरॉइडचा रेणू पेशीत सहज शिरतो, आत एका ग्राहक प्रथिनाला चिकटतो आणि ही जोडी पेशीच्या केंद्रकात जाते. तिथे ती दोन कामं करते. दाह पेटवणारी जनुकं चालू करणारा एनएफ-कप्पा-बी नावाचा घटक असतो, त्याला ती काम करू देत नाही. आणि दाह शमवणाऱ्या काही प्रथिनांची निर्मिती वाढवते. निरोप थांबले की नव्या पेशी जमेनाशा होतात आणि सूज ओसरते. सगळं जनुकांच्या पातळीवर चालतं, म्हणून परिणाम दिसायला काही तास लागतात आणि गोळी रक्तातून गेल्यावरही तो काही काळ टिकतो.

अडचण अशी की हाच ग्राहक शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतो. हाडात, स्नायूत, यकृतात, त्वचेत, मेंदूत. फुप्फुसातली सूज उतरवणारा डोस यकृताला साखर तयार करायला लावतो, मांड्यांच्या स्नायूंतलं प्रथिन मोडतो आणि हाड घडवणाऱ्या पेशींना थोपवतो. ‘दुष्परिणाम’ म्हणून आपण ज्यांच्याकडे बोट दाखवतो ते त्याच कामाचे, पण नको त्या जागी झालेले परिणाम असतात. चेहरा गोल होणं सगळ्यांना दिसतं, म्हणून लोक त्यालाच घाबरतात. मला काळजी असते ती न दिसणाऱ्यांची. हाडांची झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सगळ्यात वेगाने होते, आणि मणका मोडेपर्यंत दुखतही नाही. सकाळी गोळी घेणाऱ्याची साखर दुपारी आणि संध्याकाळी चढते, त्यामुळे फक्त उपाशीपोटी तपासली तर अहवाल नॉर्मल येऊन फसगत होते. जमिनीवरून उठताना हात टेकावा लागत असेल तर तो अशक्तपणा नाही, मांड्यांचे स्नायू गेलेत. हे सगळं डोस आणि काळ यांच्या गुणाकाराने वाढतं. म्हणूनच तुमच्या डॉक्टरांनी वरचा टप्पा शक्य तितक्या लवकर उतरवला, आणि ते योग्यच होतं.

आता ग्रंथींकडे वळू. त्या आपल्या मनाने काम करत नाहीत. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला इशारा देतो, पिट्युटरी एसीटीएच नावाचं हार्मोन सोडते आणि त्या हुकमावर अ‍ॅड्रिनल कॉर्टिसॉल बनवतात. रक्तात कॉर्टिसॉल पुरेसं झालं की वरचे दोघं गप्प बसतात. यालाच आम्ही अ‍ॅड्रिनल अक्ष म्हणतो. कॉर्टिसॉल स्वतःचं आहे की गोळीतलं आहे, हे हायपोथॅलॅमसला कळत नाही. रोज ४० मिग्रॅ येत असताना त्याच्या दृष्टीने गोदाम ओसंडून वाहत असतं, म्हणून तो इशारा देणंच थांबवतो. एसीटीएच बंद पडतं. आणि एसीटीएच हा नुसता हुकूम नसतो, ग्रंथीचं पोषणही त्याच्यावरच चालतं. ते महिनोन्‌महिने मिळालं नाही की अ‍ॅड्रिनलचा कॉर्टिसॉल बनवणारा थर अक्षरशः आकसतो.

डॉक्टरांना हे फार महागात पडून कळलं. संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड पहिल्यांदा दिलं गेलं १९४८ मध्ये, आणि अंथरुणाला खिळलेली माणसं काही दिवसांत चालू लागली. १९५० मध्ये त्या कामाला नोबेल मिळालं. आणि १९५२ मध्येच वैद्यकीय नियतकालिकात एक अहवाल आला: कॉर्टिसोनवर असलेला संधिवाताचा एक रुग्ण शस्त्रक्रियेनंतर रक्तदाब कोसळून गेला, आणि शवविच्छेदनात त्याच्या अ‍ॅड्रिनल आकसलेल्या सापडल्या. शस्त्रक्रियेच्या ताणात शरीराने कॉर्टिसॉल मागितलं आणि द्यायला कुणी नव्हतं. आज तुम्हाला जे ‘हळूहळू कमी करा’ सांगतात, त्याची सुरुवात अशा रुग्णांपासून झाली.

बाहेरचं स्टेरॉइड कमी झालं की आधी वरचे जागे होतात. पिट्युटरी पुन्हा एसीटीएच सोडू लागते, पण आकसलेल्या ग्रंथीला तो हुकूम पाळता येत नाही. मग काही आठवडे-महिने एसीटीएच चढं आणि कॉर्टिसॉल मात्र कमी, अशी विचित्र स्थिती असते. त्या ताणाखाली ग्रंथी हळूहळू वाढते आणि शेवटी पातळीवर येते. दीर्घ उपचारानंतर याला सहा महिने ते वर्षभर, क्वचित त्याहूनही जास्त वेळ लागतो. तुमचे पाच-सहा महिने तिथून आले आहेत. ग्रंथी वाढायला जितका वेळ घेते तितका घेतेच, कुठलीही गोळी किंवा टॉनिक तिला घाई करायला लावत नाही.

व्यसनाचं विचारलंत. व्यसनात मन मागतं आणि डोस वाढत जातो. तुमचं मन तर गोळी टाकायलाच निघालं होतं. पाय फ्रॅक्चर झाल्यावर कुबडी काढली की माणूस पडतो, त्याला आपण कुबडीचं व्यसन म्हणत नाही.

मग तुमच्या त्या चार दिवसांत नेमकं काय झालं? तीन शक्यता आहेत, आणि त्यांची गल्लत रोज होते.

पहिली, मूळ आजार उसळला. तसं असतं तर खोकला, दम, सांधे किंवा डोळे अशी तुमची जुनी लक्षणं परत आली असती. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही. दुसरी, कॉर्टिसॉल खरोखर कमी पडलं: त्राण जाणं, भूक मरणं, मळमळ, उभं राहिल्यावर रक्तदाब पडून अंधारी, कधी रक्तातलं सोडियम आणि साखर कमी. तिसरी थोडी फसवी आहे. शरीराला वरच्या पातळीची सवय झालेली असते, त्यामुळे ती खाली आली की अंग ठणकतं, उदास वाटतं, झोप बिघडते, आणि रक्तात कॉर्टिसॉल पुरेसं असतानाही हे होऊ शकतं. याला स्टेरॉइड उतरवतानाचा त्रास म्हणतात. गोळी घेतली की दुसऱ्या आणि तिसऱ्या, दोन्हींत काही तासांत बरं वाटतं. त्यामुळे ‘गोळीने बरं वाटलं’ एवढ्यावरून निदान होत नाही. तुमच्या बाबतीत उभं राहिल्यावरची अंधारी मला दुसऱ्या शक्यतेकडे नेते, पण खात्री रक्ताच्या तपासणीनेच होईल.

कुणाचा अक्ष किती झोपतो हे मात्र आधी छातीठोक सांगता येत नाही. तीन-चार आठवड्यांहून कमी काळ घेतलेलं स्टेरॉइड, डोस कितीही असला तरी, बहुतेकांना अक्षाच्या भीतीशिवाय एकदम थांबवता येतं. दम्याच्या झटक्याला पाच-सात दिवस गोळ्या घेतलेल्याने महिनाभर कमी करत बसायची गरज नसते. त्यापुढे मात्र डोस, महिने, आणि गोळी सकाळी घेतली की रात्री, या सगळ्यावर अवलंबून असतं. वेळेचं कारण असं की निसर्गतः एसीटीएचची मोठी लाट पहाटे येते. सकाळी घेतलेल्या गोळीचा जोर पहाटेपर्यंत ओसरलेला असतो, पण रात्री घेतलेली नेमकी त्या लाटेवर बसते. आणि फक्त गोळ्याच नव्हेत. जास्त डोसचे इनहेलर, सांध्यात वरचेवर घेतलेली इंजेक्शनं, मोठ्या भागावर महिनोन्‌महिने चोळलेली तीव्र मलमं, यांचाही हिशेब धरावा लागतो. बुरशीवरचं इट्राकोनाझोलसारखं औषध सोबत असेल तर स्टेरॉइड शरीरात जास्त वेळ रेंगाळतं आणि दडपण वाढतं. रिफॅम्पिसिन उलट करतं, ते स्टेरॉइड लवकर मोडतं. तुम्ही यातलं काही घेत असाल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

हे प्रत्यक्षात कसं उतरतं, ते एका रुग्णाच्या उदाहरणाने सांगतो. साठीच्या बाई, खांदे आणि कंबर आखडणाऱ्या पॉलिमायल्जियासाठी जवळपास वर्षभर प्रेडनिसोलोनवर होत्या. माझ्याकडे आल्या तेव्हा रोज ५ मिग्रॅ, आणि तुमच्यासारखाच एक फसलेला प्रयत्न करून. सकाळी आठचं कॉर्टिसॉल काढलं, ते निघालं २.९ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. युरोपीय आणि अमेरिकी हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनांच्या २०२४ च्या संयुक्त सूचनांनुसार हा आकडा १० च्या वर असेल तर अक्ष सावरला असं धरून गोळी थांबवता येते. ५ ते १० च्या मध्ये असेल तर गरजेपुरता डोस चालू ठेवून काही आठवडे ते महिन्यांनी पुन्हा बघायचं. ५ च्या खाली असेल तर काही महिने थांबायचं. त्यांचा आकडा खालच्या कप्प्यातला होता, म्हणून दोन महिने ५ तसेच ठेवले, मग ४ केले. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी ६.२ आलं. म्हणजे ग्रंथी हलली होती. डोस ३ वर आणला.

आणि मग माझी चूक झाली. कमी कसं करायचं हे मी कागदावर लिहून दिलं होतं, उलट्या झाल्या तर काय करायचं हे सांगायचं राहून गेलं होतं. पाचव्या महिन्यात त्यांचं पोट बिघडलं. दोन दिवस उलट्या, गोळीही टिकेना, आणि ‘नाहीतरी कमीच करायचीय’ म्हणून त्यांनी ती घेतलीच नाही. तिसऱ्या दिवशी रुग्णालयात आणलं तेव्हा रक्तदाब ८४/५०, सोडियम १२६, आणि त्या विचारलेल्याला उशिराने उत्तर देत होत्या. पोटॅशियम मात्र नॉर्मल होतं. अ‍ॅड्रिनल ग्रंथीच मुळातून नष्ट झाली असेल तर पोटॅशियम चढतं, कारण मीठ सांभाळणारं अल्डोस्टेरॉनही जातं. गोळ्यांनी झोपलेल्या ग्रंथीत तो थर एसीटीएचवर फारसा अवलंबून नसल्याने शाबूत असतो. म्हणून नॉर्मल पोटॅशियम बघून ‘अ‍ॅड्रिनलचं काही नसणार’ असं म्हणणारे फसतात. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरने औषधांचा इतिहास विचारला, अहवालांची वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोन १०० मिग्रॅ शिरेतून दिलं, सलाईन लावलं, आणि संध्याकाळी बाई उठून बसल्या. ते श्रेय त्याचं, माझं नव्हे.

आठवडाभर ५ वर ठेवून आम्ही पुन्हा ३ वर आलो. सातव्या महिन्यात ८.४, मग २ मिग्रॅ. नवव्या महिन्यात ११.८ आणि गोळी बंद. ५ वरून शून्यावर यायला नऊ महिने लागले. तिच्याहून जास्त डोस घेतलेला एक तरुण माझ्याकडे दहा आठवड्यांत मोकळा झालेला आहे. म्हणून मी कुणाला तारीख देत नाही, पुढची तपासणी कधी ते सांगतो.

तुमच्या बाबतीत मी काय केलं असतं? सध्या ५ मिग्रॅ सकाळी उठल्याबरोबर, एकाच वेळी. फुप्फुसाच्या डॉक्टरांच्या संमतीने सकाळचं कॉर्टिसॉल काढायचं, आणि त्यावरून महिन्याला १ मिग्रॅ उतरायचं की थांबायचं ते ठरवायचं. एखादी पायरी उतरल्यावर पहिला आठवडा अंग जड वाटलं तर लगेच वर चढायची घाई नको. दुसऱ्या आठवड्यात ते बहुधा निवळतं. अंधारी, उलट्या किंवा वजन उतरू लागलं तर मात्र वाट बघू नका, मागच्या पायरीवर जा आणि डॉक्टरांना कळवा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे आजारपणाचे दिवस. निरोगी शरीर तापात आपलं कॉर्टिसॉल आपणच वाढवतं, तुमचं सध्या वाढवू शकत नाही. म्हणून अंथरूण धरायला लावणारा ताप आला की तेवढे दिवस ५ ऐवजी १० मिग्रॅ, सकाळी ५ आणि संध्याकाळी ५, असं साधारणपणे सांगितलं जातं, आणि ताप उतरल्यावर पुन्हा मूळ डोस. हे तुमच्या डॉक्टरांकडून तुमच्या नावाने लिहून घ्या. गोळी उलटून पडत असेल तर घरी बसायचं नाही, थेट रुग्णालयात जाऊन ‘मी अनेक महिने स्टेरॉइडवर आहे, हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन लागेल’ हे पहिलं वाक्य बोलायचं. गोळी बंद झाल्यावरही वर्षभर शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना हे सांगायचं. पाकिटात तशी चिठ्ठी ठेवा, कारण ऐन वेळी तुम्हाला बोलता येईलच असं नाही.

तपासणीच्या दिवशीची एक गंमत, जिच्यामुळे निम्मे अहवाल वाया जातात. बऱ्याच प्रयोगशाळांच्या पद्धतीत प्रेडनिसोलोनसुद्धा कॉर्टिसॉल म्हणून मोजलं जातं. सकाळी गोळी घेऊन रक्त दिलंत तर आकडा झकास येईल आणि तो तुमच्या ग्रंथीचा नसेल, गोळीचा असेल. (इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांतही आकडा फुगतो, कारण कॉर्टिसॉलला धरून ठेवणारं प्रथिन वाढलेलं असतं.) म्हणून आदल्या दिवशीची गोळी सकाळी घ्या, तपासणीच्या दिवशीची थांबवा, म्हणजे मध्ये चोवीस तास जातील. रक्त आठच्या सुमारास द्या, दुपारी नको, कारण दुपारी सगळ्यांचंच कॉर्टिसॉल उतरलेलं असतं. आणि त्या दिवशीची गोळी खिशात घेऊन जा. सुई निघाली की तिथेच पाण्याबरोबर घ्या, घरी परत येईपर्यंत थांबू नका.